आराखड्याआधीचा पसारा: 63 चिठ्ठ्या आणि चार प्रश्न

‘वाचलेलं लक्षात का राहत नाही’ या विषयावर मला बोलायचं होतं. वेळ 30 मिनिटांची, त्यातली शेवटची 5 प्रश्नोत्तरांसाठी राखलेली. समोर बसणार होती ती नोकरी-संसार सांभाळून वाचणारी मोठी माणसं. त्यांना परीक्षा द्यायची नव्हती, पण वाचून संपवलेल्या पुस्तकातलं काहीच हाताशी उरत नाही ही खंत त्यांच्यातल्या बहुतेकांना होती. विषय मनात घोळू लागला तसं मी सुचेल ते टिपत गेले. काही वहीत, काही फोनमध्ये, काही वाचत असलेल्या लेखांच्या समासात. सगळं एकत्र केलं तेव्हा चाळीसेक ओळी झाल्या आणि त्या अशा होत्या: ‘एबिंगहाउस!’, ‘हायलायटर’, ‘पाच मिनिटं आणि आठवडा’, ‘पुस्तकाचं मुखपृष्ठ आठवतं, आतलं नाही’, ‘हिप्पोकॅम्पस घ्यायचा का?’, ‘जुनं विसरलेलं वाया गेलं का?’

अशा पसाऱ्यासमोर बसलं की हात लगेच आकडे घालायला धावतो. एक, प्रस्तावना, दोन, विस्मरणाची कारणं, तीन, उपाय. मी तो हात मुद्दाम आवरते. आराखडा विचारतो की आधी काय आणि नंतर काय. त्याचं उत्तर देण्याआधी कशाचं कशाशी नातं आहे हे ठाऊक असावं लागतं, आणि पसाऱ्यातून ते दिसत नाही. यादीवरून थेट आराखडा केला तर मुद्दे ज्या क्रमाने सुचले जवळपास त्याच क्रमाने तो उतरतो, आणि सुचण्याचा क्रम म्हणजे निव्वळ योगायोग असतो. म्हणून आराखड्याच्या आधी वर्गवारीचं एक वेगळं काम मी करते. या भाषणाच्या वेळी ते कसं झालं, ते सांगते.

पहिलं काम चिठ्ठ्यांचं. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, आणि तो वाक्यात. ऐकायला साधं वाटतं, पण अर्धी वर्गवारी इथेच ठरते. ‘एबिंगहाउस!’ या ओळीचंच पाहा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, हे मला माहीत होतं, आणि उद्गारचिन्ह टाकताना मला त्याच्याबद्दल खूप काही सांगायचं आहे असंही वाटलं होतं. पण नेमकं काय? लिहायला बसल्यावर त्या एका नावातून तीन वाक्यं निघाली. एक: त्याने निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या पाठ करून प्रयोग केले, तेही फक्त स्वतःवर. दोन: विसरण्याचा वेग सुरुवातीला फार मोठा असतो, मग तो मंदावत जातो. तीन: विसरलेली यादी पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणजे ती पुरती पुसली गेलेली नसते. ही तीन वाक्यं मी तीन वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिली. पुढे ती तीन वेगळ्या ठिकाणी गेली. एकाच चिठ्ठीवर राहिली असती तर एबिंगहाउसला एक जागा मिळाली असती, आणि तिसरं वाक्य पहिल्या दोघांच्या सावलीत दिसेनासं झालं असतं.

चिठ्ठीवर क्रियापद असलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे. ‘हायलायटर’ ही चिठ्ठी कुठेही बसते: अभ्यासाच्या सवयी, साधनं, गैरसमज, कुठेही. ‘रंगवलेलं पान पाहिलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं’ ही चिठ्ठी मात्र कुठेही बसत नाही, तिला स्वतःचं मत असतं. ज्या ओळीचं वाक्य होता होत नाही, तिच्यामागे अजून विचारच झालेला नसतो. तिला मी प्रश्नाचं रूप देऊन तशीच ठेवते. आणि ज्या वाक्यात ‘आणि’ आलं ते शक्यतो तोडते. हे सगळं झाल्यावर चाळीसेक ओळींच्या 63 चिठ्ठ्या झाल्या.

कागद सगळे एकाच आकाराचे आणि एकाच रंगाचे घेते. रंगीत कागद घेतले तर डोळा आधी रंगांचे गट करतो आणि नंतर त्यांनाच कारणं शोधत बसतो. अक्षर मात्र जाड, उभ्याने वाचता येईल असं. हेच काम पडद्यावरही करता येतं, आणि दूरच्या कुणाबरोबर करायचं असेल तर तेच सोयीचं. पण साठ-सत्तर चिठ्ठ्या एकाच नजरेत मावतील इतका मोठा पडदा माझ्याकडे नाही, आणि इथे तर सगळ्या एकदम दिसणं हेच मुख्य आहे. म्हणून मी मोठं टेबल वापरते. तेही पुरलं नाही तर जमीन.

मांडण्याआधी चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसते. हे टाळू नये. लागोपाठ सुचलेले मुद्दे वहीत शेजारी असतात आणि त्या शेजारामुळेच ते नात्यातले वाटू लागतात. पिसल्यावर ते खोटं नातं तुटतं. मग सगळ्या पसरून, एकीलाही हात न लावता, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढते. पुढे हात कुठे जाणार आहे ते याच वाचनात ठरतं, म्हणून ते घाईने उरकत नाही.

यानंतरची पद्धत माझी नाही. जिरो कावाकिता या जपानी मानवशास्त्रज्ञाने नेपाळमध्ये काम करताना क्षेत्रावरच्या टिपणांचे ढीग साठवले होते. त्या ढिगांतून अर्थ कसा लावायचा, याची त्याने जी रीत बसवली ती 1960च्या दशकात के.जे. पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी, म्हणून के.जे. तिचा गाभा असा की आधी कप्पे करून त्यांत चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत. चिठ्ठ्या एकमेकींजवळ ठेवत जायच्या, आणि त्या जवळिकीतून कप्पे तयार होऊ द्यायचे. उद्योगधंद्यांत जी अ‍ॅफिनिटी डायग्राम नावाची आकृती वापरतात, ती याच पद्धतीतून आलेली.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच की चिठ्ठी हातात घेतल्यावर ‘ही कोणत्या मथळ्याखाली जाईल?’ असं विचारायचं नाही. ‘ही कोणत्या चिठ्ठीशेजारी जाईल?’ असं विचारायचं. फरक छोटा दिसतो, पण परिणाम फार वेगळा होतो. मथळा विचारला की आपल्या डोक्यातले तयार कप्पे उघडतात: व्याख्या, कारणे, प्रकार, परिणाम, उपाय. शाळेतल्या निबंधापासूनचे हे कप्पे कोणत्याही विषयाला चालतात, आणि त्यामुळेच कोणत्याही विषयाबद्दल काही सांगत नाहीत. माझ्या विषयात एक जास्तीचं आमिष होतं, ‘प्रयोग’ या कप्प्याचं. एबिंगहाउस, बार्टलेट, मिलर, रोडिगर आणि कार्पिके असे स्मृतीवर संशोधन करणारे सगळे एकत्र ठेवता आले असते, आणि टेबल लगेच नीटनेटकं दिसलं असतं. पण असा गठ्ठा काय म्हणतो? ‘हे सगळे प्रयोग आहेत’, एवढंच. एखादा गठ्ठा खरा आहे की नाही ते मी असं ओळखते: त्यातल्या चिठ्ठ्या एकत्र आल्यावर असं काही सांगतात का, जे त्यातली कोणतीही एकटी सांगत नव्हती? सांगत नसतील तर तो गठ्ठा नाही, नुसतं साठवण आहे.

शेजार शोधताना सुरुवातीला फक्त दोन-दोन, तीन-तीन चिठ्ठ्या जवळ येतात. येऊ द्याव्यात. ‘दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं’ ही चिठ्ठी ‘रंगवलेलं पान पाहिलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं’ हिच्याशेजारी गेली, आणि थोड्या वेळाने ‘पुस्तक मिटून सांगायला गेलं की अडखळायला होतं’ हीही तिथे आली. मग ‘पाच मिनिटं आणि आठवडा’ या ओळीतून झालेली चिठ्ठी आली. ती रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 सालच्या प्रयोगाची. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले.

या चार चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला नाव द्यायची वेळ आली. पहिल्यांदा तोंडात आलं ते ‘गैरसमज’. नाव देताना पहिला शब्द जवळजवळ नेहमी असाच येतो, एकच नाम, सैल आणि प्रशस्त. सैल असण्यातला धोका असा की त्यात नको तेही मावतं. ‘डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कल्पनेचा, हे फार ढोबळ आहे’ ही चिठ्ठी ‘गैरसमज’ म्हटल्याबरोबर आपण होऊन त्या गठ्ठ्यात जाऊन बसली होती. म्हणून गठ्ठ्याचं नावही मी वाक्यातच लिहिते. पुष्कळ खोडाखोडीनंतर वाक्य ठरलं: ‘ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं.’ ते लिहिल्याक्षणी डाव्या-उजव्या मेंदूची चिठ्ठी परकी दिसू लागली आणि बाहेर पडली. उरलेल्या चारही त्या वाक्याच्या बाजूने बोलत होत्या. प्रयोगाची चिठ्ठी तर त्या वाक्याचा पुरावाच ठरली. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणाऱ्यांचा वरचष्मा दिसतो, म्हणूनच पुन्हा वाचणं पुरेसं आहे असा भास आपल्याला होतो.

वाक्यातल्या नावाचा आणखी एक उपयोग होतो. ते खोटं ठरू शकतं. ‘गैरसमज’ या शब्दाशी कुणी वाद घालू शकत नाही. ‘ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं’ याच्याशी घालू शकतं, आणि भाषणात शेवटी असंच वाक्य सिद्ध करून दाखवायचं असतं.

सगळ्यात मोठा गठ्ठा झाला तो उपायांचा, 14 चिठ्ठ्यांचा. सात-आठच्या वर गठ्ठा गेला की मला शंका येते. बहुधा ते एका नात्याचं कुटुंब नसतं, एका शब्दाखाली जमलेली गर्दी असते. ‘उपाय’ हा शब्द झाकून चिठ्ठ्या पुन्हा शेजार-शेजार लावल्या तेव्हा त्या तीन जागी वेगळ्या झाल्या. काही म्हणत होत्या की न बघता आठवून पाहा. काही म्हणत होत्या की तेवढाच वेळ एका बैठकीत न घालवता अंतर सोडून घाला. काही म्हणत होत्या की नव्याला जुन्याशी जोडा. पहिल्या प्रकारच्या चिठ्ठ्या ‘ओळखीचं वाटणं’च्या गठ्ठ्याकडे सरकल्या, कारण त्यांचं कारण तिथेच होतं. एबिंगहाउसची दुसरी चिठ्ठी, सुरुवातीला झपाट्याने विसरण्याची, ती अंतराच्या गठ्ठ्याजवळ गेली. उपाय त्याच्या कारणाशेजारी येऊन बसला आणि ‘उपाय’ नावाचा वेगळा भाग उरलाच नाही. भाषणासाठी हे मला फार मोलाचं वाटलं. सगळे उपाय शेवटी एकत्र सांगितले तर श्रोत्याने प्रत्येक उपायाचं कारण वीस मिनिटं डोक्यात धरून ठेवायला हवं, आणि तेही लक्षात न राहण्यावरच्या भाषणात.

नव्याला जुन्याशी जोडण्याचा गठ्ठा मात्र अडला. तिथे मी एका मैत्रिणीला बोलावलं. तिला विषयाची माहिती नव्हती, आणि मला तसंच कुणीतरी हवं होतं. मी काहीही समजावून सांगितलं नाही. फक्त म्हटलं, “या गठ्ठ्यातल्या चिठ्ठ्या मोठ्याने वाच आणि काय ऐकू येतं ते सांग.”

तिने वाचल्या. ज्या विषयातलं आधीच पुष्कळ माहीत असतं, त्यातलं नवं सहज लक्षात राहतं. शब्दाचा उगम कळला की शब्द विसरत नाही. मग ती बार्टलेटच्या चिठ्ठीपाशी आली. फ्रेडरिक बार्टलेटने केंब्रिजमध्ये केलेले प्रयोग 1932 साली प्रसिद्ध केले. त्यात लोकांना परक्या संस्कृतीतली एक लोककथा वाचायला देऊन ती काही काळाने आठवून सांगायला लावली होती. सांगणाऱ्यांनी अनोळखी तपशील एकतर गाळले, नाहीतर आपल्या ओळखीच्या गोष्टींत बदलून टाकले.

ती थांबली आणि म्हणाली, “अगं, यात दोन आवाज आहेत. पहिल्या चिठ्ठ्या म्हणतात, आधी माहीत असलेलं मदत करतं. ही म्हणते, ते बिघडवतं. तू नक्की कुणाच्या बाजूने?”

अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे गठ्ठा दोन करायचा, फायदे एका बाजूला आणि तोटे दुसऱ्या. पण मला त्या दोन आवाजांमागे एकच कारण दिसत होतं. स्मृती नव्याला जुन्यात रुजवते म्हणून ते टिकतं, आणि रुजवताना त्याला जुन्याचा आकार देते म्हणून ते बदलतं. दोन्ही परिणाम एकाच क्रियेचे आहेत. गठ्ठा न फोडता मी नाव बदललं: ‘आधीचं ज्ञान नव्याला धरून ठेवतं, पण आपल्यासारखं करून.’ आधी ते नुसतं ‘जोडलं की टिकतं’ असं होतं. मैत्रिणीने नवं नाव घेऊन चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या आणि म्हणाली, “आता बार्टलेट पाहुणा वाटत नाही.” गठ्ठ्यात विरोध दिसला की तो लगेच फोडू नये, असं मला वाटतं. आधी दोन्हींना कवेत घेणारं खरं वाक्य सापडतं का ते पाहावं. ओढूनताणून जुळवावं लागलं तरच फोडावा. भाषणातला सर्वांत जिवंत भाग पुष्कळदा अशाच गठ्ठ्यातून येतो.

एवढं झालं तरी सहा चिठ्ठ्या एकट्या उरल्या. त्यांना जबरदस्तीने कुठे कोंबू नये, असं कावाकिताच्या पद्धतीतही आहे. मी त्या टेबलाच्या कडेला ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिल्या. एकट्या राहिलेल्या चिठ्ठ्या दोन प्रकारच्या असतात, आणि त्यांतला फरक ओळखणं मला या सगळ्या कामातलं नाजूक वळण वाटतं.

पहिल्या प्रकारची चिठ्ठी होती हेन्री मोलाइसनची. 1953 साली अपस्माराच्या उपचारासाठी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला, आणि त्यानंतर नव्या घटनांच्या आठवणी तयार होणं त्याच्या बाबतीत जवळजवळ थांबलं. तरी आरशात पाहून आकृती गिरवण्यासारखं नवं कौशल्य तो शिकू शकला, शिकल्याचं आठवत नसतानाही. 2008 साली तो वारला, तोवर शास्त्रीय लेखांत त्याला केवळ एच. एम. म्हणत. ही हकिगत ऐकणाऱ्याला जागीच धरून ठेवते, आणि मलाही ती सांगायची फार इच्छा होती. पण मी तिला प्रत्येक गठ्ठ्याच्या वाक्यासमोर धरून पाहिलं. ती कोणतं वाक्य सिद्ध करते? एकही नाही. माझे श्रोते धडधाकट मेंदूचे आणि तरी विसरणारे. ती चिठ्ठी दुसऱ्या भाषणाची होती. एका पाकिटावर ‘पुढच्यासाठी’ लिहून ती त्यात ठेवली. डाव्या-उजव्या मेंदूची चिठ्ठीही तिथेच गेली.

दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी होती जॉर्ज मिलरची. 1956 साली त्याने म्हटलं की एका वेळी मनात धरता येणाऱ्या घटकांची संख्या सातच्या आसपास असते. पुढच्या संशोधकांनी ती चारच्या जवळ आणली. या चिठ्ठीला शेजारी नव्हता. पण मोलाइसनसारखी ती परकीही नव्हती, कारण वाचताना लांबलचक वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात निसटते, हा तर श्रोत्यांचा रोजचा अनुभव. म्हणजे कमी होती ती शेजाऱ्यांची. विसरण्याबद्दल मी भरभरून लिहिलं होतं, पण मुळात आत न शिरलेल्या गोष्टींबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. एकटी चिठ्ठी अशी रिकामी जागा दाखवू शकते. मी त्या दिशेने पुन्हा थोडा विचार केला आणि तीन नव्या चिठ्ठ्या लिहिल्या: लक्ष दुसरीकडे असताना डोळे ओळींवरून फिरतात पण काही उतरत नाही, मध्येच फोन पाहिला की परिच्छेद पुन्हा सुरू करावा लागतो, जे शिरलंच नाही त्याला आपण विसरलो म्हणतो. गठ्ठ्याचं नाव झालं: ‘पुष्कळदा आपण विसरलेलो नसतो, आपण ते घेतलेलंच नसतं.’

आता टेबलावर वाक्यांची नावं असलेले गठ्ठे होते. इथे थांबून त्यांनाच भाषणाचे भाग म्हणायचा मोह होतो, पण गठ्ठा आणि भाग एकच नव्हेत. गठ्ठे मुद्द्यांच्या आपसातल्या जवळिकीने होतात. भाषणाचे भाग श्रोत्याच्या मनातल्या प्रश्नांनी ठरतात. म्हणून मी चार कोऱ्या कागदांवर समोरचा माणूस मनात काय विचारत असेल ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. ‘हे माझंच होतं की सगळ्यांचं?’ ‘का होतं?’ ‘मग मी वाचताना वेगळं काय करू?’ आणि ‘आजवर वाचून विसरलेलं सगळं वाया गेलं का?’

गठ्ठे उचलून या प्रश्नांखाली ठेवले. आत न शिरण्याचा गठ्ठा पहिल्या प्रश्नाखाली गेला, कारण लक्ष निसटणं सगळ्यांचंच असतं. पुस्तक वाचून मुखपृष्ठच आठवणारे आपण एकटे नाही, हे सांगणारा छोटा गठ्ठाही तिथेच. ‘का’ खाली आधीच्या ज्ञानाचा गठ्ठा गेला. ‘काय करू’ खाली ओळखीचं-आठवणं आणि अंतर हे दोन. एक गठ्ठा कुठेच बसेना: ‘आठवणी मेंदूत एका जागी साठवलेल्या नसतात.’ त्यातली माहिती बरोबर होती, मेहनतीने जमवलेली होती, पण चारपैकी एकाही प्रश्नाचं ती उत्तर देत नव्हती. तो अख्खा गठ्ठा मी पाकिटात टाकला. कुणी प्रश्नोत्तरांत विचारलं तर तो हाताशी असेल.

आणि चौथ्या प्रश्नाखाली काहीच नव्हतं. तो प्रश्न तर मी पहिल्याच पसाऱ्यात लिहिला होता, आणि श्रोत्यांच्या मनात तोच सगळ्यात खोल असणार याची मला खात्री होती. मग एबिंगहाउसची तिसरी चिठ्ठी आठवली. ती त्याच्या पद्धतीच्या माहितीसोबत एका बाजूच्या गठ्ठ्यात पडून होती. विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, हेच तर तो मोजत होता. त्याच्या आकड्यांत एका दिवसानंतर ही बचत सुमारे 34 टक्के होती आणि महिन्यानंतरही सुमारे 21 टक्के. आठवत काहीच नसलं तरी पुन्हा शिकण्याच्या वेळेत पाचव्या हिश्श्याची बचत शिल्लक. निरर्थक अक्षरजोड्यांवरचे हे आकडे पुस्तकांना तसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि ही मर्यादा मी चिठ्ठीवरच लिहून ठेवली. पण दिशा स्पष्ट होती. ती चिठ्ठी उचलून मी चौथ्या प्रश्नाखाली एकटी ठेवली आणि तिच्यावर एक अख्खा भाग उभा राहिला. त्या एका नावाच्या तीन चिठ्ठ्या केल्या नसत्या तर ती उचलताच आली नसती.

वजन करायचं राहिलं होतं. चिठ्ठ्यांची संख्या म्हणजे भागाचं वजन नव्हे. एखादं निरीक्षण वीस सेकंदांत सांगून होतं, प्रयोगाला तीन मिनिटं लागतात. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात मी अंदाजे वेळ लिहिली आणि भागवार बेरीज केली: 6, 13, 18 आणि 4. एकूण 41 मिनिटं, हातात 25. कात्री लावायची वेळ हीच, कारण आराखडा लिहून झाला की प्रत्येक ओळ पुढच्या-मागच्या ओळीला धरून बसते आणि काढताना दुखतं. चिठ्ठ्या अजून सुट्या असतात. कापताना मी गठ्ठ्याचं वाक्य समोर ठेवते आणि तेच वाक्य सिद्ध करणाऱ्या चिठ्ठ्यांतली सर्वांत बळकट ठेवते. ‘काय करू’ या भागात आठवून पाहण्याच्या बाजूने पाच दाखले होते, त्यांतला 2006चा प्रयोग आणि एक साधा अनुभव एवढेच ठेवले. भाग उतरले 4, 7, 10 आणि 4 वर.

वर्गवारी पुरी झाली हे मला दोन गोष्टींवरून कळतं. चिठ्ठी हलवून पाहिली तर ती थोड्या वेळाने जुन्याच जागी परत येते. आणि फक्त गठ्ठ्यांची नावं ओळीने वाचली तर ती एका परिच्छेदासारखी ऐकू येतात. मैत्रिणीला मी ती नावं वाचून दाखवली आणि विचारलं, “यानंतर तुला काय ऐकायला आवडेल?” तिने जे सांगितलं ते चौथ्या प्रश्नाच्या फार जवळ होतं. मग टेबलाचा फोटो काढला आणि प्रत्येक भागाच्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात ठेवल्या.

हे सगळं प्रत्येक भाषणाला लागतं असं नाही. दहा-बारा मुद्दे असतील तर ते डोक्यातच लागतात. एखादी हकिगत सांगायची असेल, प्रवासाची किंवा एखाद्या शोधाची, तर ही पद्धत उलट घात करते. गठ्ठे काळाचा क्रम मोडतात, आणि हकिगतीचा जीव तर ‘पुढे काय झालं’ यात असतो. तिथे चिठ्ठ्या तारखेने लावाव्यात. गट करायचे ते विषय एखाद्या प्रश्नाभोवती विखुरलेला असेल आणि क्रम त्याच्या आत कुठेही दडलेला नसेल तेव्हा.

आराखडा त्यानंतर एकाच बैठकीत उतरला. क्रम मात्र मी प्रश्न लिहिले तसा ठेवला नाही. ‘का’ आणि ‘काय करू’ हे पाठोपाठच हवे होते, पण वाया गेल्याची खंत मनात असताना उपाय कुणाच्या कानावर पडत नाहीत. म्हणून चौथा भाग, एबिंगहाउसच्या त्या एका चिठ्ठीचा, पहिल्या भागानंतर लगेच घेतला.